पाहुणे पाच की आठ? लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी लिहिलेल्या आठ कडव्यांचं प्रकरण

आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. मुलं तीन: थोरली, मधला आणि धाकटी. कार्यक्रमाला साठ-सत्तर माणसं येणार होती. भावंडांनी स्वतः लिहिलेलं काहीतरी वाचायचं, असं आधीच ठरलेलं होतं. मधला शाळेत असताना कविता करायचा, म्हणून लिहिण्याचं काम त्याच्या गळ्यात पडलं. थोरली माझी जुनी मैत्रीण. मी अशा घरगुती कवितांची डागडुजी करून देते हे तिला माहीत होतं. तिने मसुदा पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, “वाईट काहीच नाही गं, पण यात आई-बाबा कुठे आहेत ते मला सापडत नाहीये.”

मसुदा बावीस कडव्यांचा होता. सुरुवात लग्नापासून, मग तिघांचे जन्म, मग शाळा, नोकऱ्या, सुना-जावई, नातवंडं, आणि शेवटी दीर्घायुष्याच्या शुभेच्छा. त्यातल्या या दोन ओळी:

तुमच्या प्रेमाच्या सावलीत आम्ही लहानाचे मोठे झालो,
संस्कारांची शिदोरी घेऊन आयुष्याच्या वाटेवर चाललो.

असल्या ओळींची मी एकच परीक्षा घेते. शेजारच्या घरातल्या आई-वडिलांसमोर त्या जशाच्या तशा वाचता येतील का? येत असतील तर त्या खोडायच्या. बावीसपैकी एकोणीस कडवी या परीक्षेत गेली. मधल्याला वाईट वाटलं, आणि ते साहजिकच होतं. त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण प्रेम, त्याग, संस्कार, सावली हे शब्द ऐकताना समोरच्या साठ माणसांना प्रत्येकाला आपापले आई-वडील दिसतात आणि खुर्चीत बसलेल्या दोघांकडे कुणी बघतच नाही.

उरलेल्या तीन कडव्यांत एक गोष्ट समान होती. तिन्हींमध्ये घरातला एकेक विनोद होता. मधल्याने ते लाजत लाजत, मध्येच कुठेतरी घातले होते, कारण त्याच्या मते मुख्य कविता म्हणजे ती एकोणीस कडवी. आम्ही नेमकं उलटं केलं. विनोदांवरच कविता उभी करायची आणि प्रेम हा शब्द एकदाही वापरायचा नाही, असं ठरलं.

आधी साहित्य जमवायचं होतं. तिघांना एकत्र बसवून आठवणी विचारल्या, तर जो मोठ्याने बोलतो त्याच्याच आठवणी कागदावर येतात. म्हणून तिघांना वेगवेगळं विचारलं, आणि प्रश्नही “तुमची सुंदर आठवण सांगा” असा नव्हता. आई-बाबा दिवसातून दहा वेळा कोणतं वाक्य बोलतात? घराबाहेर पडताना नेमकं काय होतं? कोणती गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगितली जाते? कशावरून त्यांचं रोज वाजतं? अशा प्रश्नांना माणसं विचार न करता उत्तरं देतात, आणि तीच खरी असतात.

तिघांच्या उत्तरांत जे समान निघालं ते असं. लग्नाच्या एकुलत्या एका जोडफोटोत बाबांचे डोळे मिटलेले आहेत. घराबाहेर पडल्यावर बाबा कोपऱ्यापर्यंत जातात आणि कुलूप नीट लागलं का ते बघायला परत येतात. आई निघताना “दोन मिनिटं, आलेच” म्हणते आणि ती दोन मिनिटं कधीच दोन नसतात. आईच्या हिशोबाच्या वहीत प्रत्येक महिन्याच्या तळाशी ‘इतर’ अशी एक ओळ असते. आणि संसाराच्या सुरुवातीच्या एका खोलीत एकदा बरेच पाहुणे राहायला आले होते, त्यांचा आकडा बाबांच्या तोंडून दर वेळी वाढत जातो.

याशिवाय प्रत्येकाकडे एकट्याच्या आठवणी होत्याच. धाकटीकडे तर फारच सुंदर होत्या. पण त्या घेतल्या नाहीत. तिघं मिळून वाचणार असतील तर कवितेतलं ‘आम्ही’ खरं हवं. एकाचीच आठवण ‘आम्ही’च्या तोंडी घातली की बाकीचे दोघं वाचताना अडखळतात, आणि आईला तर ते लगेच कळतं.

एक गोष्ट मुद्दाम बाहेर ठेवली. बाबांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं मध्ये काही वर्षं बोलणं नव्हतं. नंतर सगळं ठीक झालं, आणि आता घरात त्यावर थट्टाही होते. मधल्याला ती थट्टा हवी होती. पण तो काका समोर बसणार होता. घरातल्या चार भिंतींत विनोद झालेली गोष्ट साठ माणसांत विनोद राहीलच असं नाही. इथे माझा नियम साधा आहे: ज्याच्यावर विनोद आहे, तो स्वतःच तो विनोद चारचौघांत सांगत असेल तरच घ्यायचा. फोटोची गोष्ट आई सांगते, पाहुण्यांची बाबा सांगतात, ‘इतर’वरून बाबा सगळ्यांसमोर चिडवतात. भावाची गोष्ट मात्र दोघंही बाहेर कुणाला सांगत नाहीत.

मग प्रश्न आला छंदाचा. मधल्याला भुजंगप्रयात हवं होतं, कारण ते भारदस्त वाटतं आणि चाल सगळ्यांच्या कानात असते. भुजंगप्रयात म्हणजे ओळीत बारा अक्षरं, लगागा चार वेळा. त्यात प्रत्येक लघूनंतर दोन गुरू यावेच लागतात. आता आईचं वाक्य घ्या: ‘दोन मिनिटं’. दो गुरू, न, मि, नि ही तीन लघू लागोपाठ, टं गुरू. हे वाक्य त्या वृत्तात शिरूच शकत नाही. ‘हिशोबवही’चंही तेच, तिथे ब आणि व हे दोन लघू शेजारी येतात. मग मधला ‘दोन मिनिटं’च्या जागी ‘क्षणाला जरासे’ असलं काहीतरी लिहायला लागला. आई आयुष्यात कधी ‘क्षणाला जरासे’ म्हणालेली नाही. घरातल्या माणसांचे शब्दच ज्या वृत्तात बसत नाहीत, ते कितीही गोड असलं तरी इथे उपयोगाचं नाही.

मुक्तछंदाचाही विचार झाला. त्यात सगळे शब्द बसतात, पण दुसरी अडचण येते. ऐकणाऱ्याला हसायचं कुठे ते कळत नाही. यमक असलं की चौथ्या ओळीच्या शेवटी काहीतरी येणार हे कानाला आधीच कळलेलं असतं, आणि विनोद नेमका त्या जागी पडला की साठ माणसं एकदम हसतात. मुक्तछंदात चार जण आधी हसतात, दहा जण नंतर, आणि बाकीचे शेजारच्याला विचारतात.

म्हणून अष्टाक्षरी घेतली. ओळीत आठ अक्षरं, चार ओळींचं कडवं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला यमक. लघु-गुरूचा जाच नाही. जोडाक्षर एकच मोजायचं, म्हणजे ‘पन्नास’ची अक्षरं तीन आणि ‘वर्षं’ची दोन. एक बारीक गोष्ट मात्र नवख्यांना चकवते. बोलताना आपण ‘मिटलेले’ मधला ट अर्धवट उच्चारतो, त्यामुळे कानाला तीन अक्षरं वाटतात. मोजताना ती चार. वाचणाऱ्यानेही त्या ट ला त्याचा पूर्ण वेळ द्यायचा, नाहीतर ओळ लंगडते. लिहून झाल्यावर टाळी वाजवत वाचायचं. चार-चार किंवा तीन-तीन-दोन असे तुकडे आपोआप पडले की ओळ जमली.

पहिलं कडवं फोटोचं. आईचं घरातलं वाक्य थोरलीला पाठच होतं, ते फक्त आठ-आठ अक्षरांत बसवायचं होतं:

लग्नाच्या त्या फोटोमध्ये
बाबा डोळे मिटलेले
आई म्हणे, “माझे दोष
कुठे यांना दिसलेले!”

पहिला खर्डा वेगळा होता. त्यात दुसरी ओळ ‘बाबांनी मिटले डोळे’ आणि चौथी ‘ओळखले, हे ना भोळे’ अशी होती. यमक त्यातही होतं, पण ते यमकासाठी आणलेलं वाक्य होतं, आईचं नव्हतं. शिवाय त्यात टोमणा बाबांना बसत होता. आईच्या खऱ्या वाक्यात ती स्वतःला चिमटा काढते आणि बाबा आपोआप सुटतात. घरातले विनोद बहुतेक वेळा असे तयार आणि नीट घडलेलेच असतात, वर्षानुवर्षं सांगून गुळगुळीत झालेले. लिहिणाऱ्याने त्यांना सुधारायला जाऊ नये.

दुसरी अडचण म्हणजे मुलांनी न पाहिलेली वर्षं. थोरलीच्या जन्माआधीचा संसार तिघांपैकी कुणालाच आठवणं शक्य नाही. बहुतेक लोक इथे कल्पनेने नवथर प्रेम वगैरे रंगवतात, आणि ऐकणाऱ्या आई-वडिलांना अवघडल्यासारखं होतं. आम्ही खरं तेच लिहिलं, म्हणजे ही वर्षं आम्हाला ऐकून माहीत आहेत:

आमच्याआधीची वर्षं
ऐकून आम्हाला पाठ
एक खोली, एक पंखा,
पाहुणे पाच की आठ?

हा विनोद बाहेरच्या माणसालाही कळतो का, ते इथे बघावं लागलं. बाबांचा आकडा वाढत जातो हे घरच्यांना माहीत आहे, पण लांबच्या पाहुण्याला नाही. ‘पाच की आठ’ या तीन शब्दांत मात्र ती किल्ली आहे. गोष्ट पुष्कळदा सांगितली गेलीय आणि आकडा पक्का नाही, एवढं कुणालाही समजतं. घरगुती विनोदाची किल्ली त्याच कडव्यात ठेवायची. आधी दोन वाक्यं बोलून समजावून सांगावा लागतो तो विनोद कवितेत चालत नाही.

कुलपाचं कडवं सोपं गेलं, कारण ‘कुलूप’ला ‘खूप’ हे यमक दारातच उभं होतं:

निघताना कोपऱ्याशी
“लावलं ना गं कुलूप?”
आई हसे, “लावलंय;
झालं तपासून खूप!”

आता ज्या कडव्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला त्याबद्दल. ‘दोन मिनिटं’ हा विनोद तिघांनीही सांगितला होता, बाबाही तो सगळ्यांसमोर करतात. मधल्याने लिहिलेलं कडवं असं होतं:

“दोन मिनिटं, आलेच!”
आई आत आरशाशी
वाट बघून बघून
बाबा उभे दारापाशी

आठ-आठ अक्षरं, यमक चोख, चित्र डोळ्यांसमोर येतं. तिघांनी आपसात वाचलं तेव्हा मधला आणि धाकटी हसले. थोरली हसली नाही. ती म्हणाली, “आई आरशापाशी कधी असायची? आठव ना जरा. आपण सगळे बूट घालून दारात उभे, आणि ती आत गॅस बंद केला का बघतेय, नळ बघतेय, खिडक्या लावतेय. बाहेर आली की खाली बसून तुझ्या बुटाच्या नाड्या बांधायची, कारण तुला दुसरीपर्यंत गाठ येत नव्हती.” मधला गप्प झाला.

माझ्या नियमातली फट इथे दिसते. विनोद बाबा सांगतात, आई त्यावर हसते, म्हणून तो दोघांचाही आहे असं वाटतं. पण तो आईवर आहे, आणि आई स्वतः तो कधीच सांगत नाही. ती फक्त हसून घेते. विनोद कुणावर आहे आणि तो सांगतं कोण, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच माणसाकडे जायला हवीत. इथे ती जात नव्हती. शिवाय उशीर करणारी बायको आणि आरसा हे तयार चित्र आहे. ते या आईला पाहून काढलेलं नाही, आधी ऐकलेल्या शंभर विनोदांतून आलेलं आहे. शेजारच्या घराच्या परीक्षेत तेही नापासच झालं असतं, फक्त हसू येत होतं म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

विनोद टाकायचा नव्हता. तो या घराचा फार मोठा भाग होता. म्हणून पहिली ओळ तशीच ठेवली आणि उरलेल्या तीन ओळींत थोरलीने जे सांगितलं तेच घातलं:

“दोन मिनिटं, आलेच!”
मिनिटं ती कुणासाठी?
गॅस, नळ, खिडक्या नि
आमच्या बुटांच्या गाठी

पहिल्या ओळीला लोक हसणार हे नक्की होतं. ते हसू शेवटच्या ओळीपर्यंत हळूहळू दुसऱ्याच कशात तरी बदलतं, आणि त्यासाठी ‘त्याग’ म्हणावं लागत नाही. ‘गाठी’ हा शब्द यमकासाठी शोधला नाही. तो थोरलीच्या बोलण्यात आधीच होता, आणि ‘कुणासाठी’ ही ओळ त्याच्यामागून आली. यमक जुळवताना आधी शेवटची ओळ पक्की करायची आणि मग दुसरी ओळ तिच्याकडे वळवायची. उलट केलं की शेवटी भरतीचा शब्द येतो.

‘इतर’ला दोन कडवी दिली. एकात विनोद आणि दुसऱ्यात त्याच्या मागचं सत्य:

आईची हिशोबवही,
तळाशी ओळ ‘इतर’
बाबा विचारती, “कोण
हा पाहुणा निरंतर?”

त्याच ‘इतर’मधून
फी, पुस्तकं, काहीबाही
जमेच्या बाजूला त्याची
नोंद आजवर नाही

दुसरं कडवं लिहिण्याआधी एक खात्री करून घ्यावी लागली. आई घरखर्चातून थोडे थोडे पैसे ‘इतर’ म्हणून बाजूला टाकायची आणि अडीनडीला ते बाहेर काढायची, हे तिघांना ठाऊक होतं. बाबांना ठाऊक होतं का? नसतं, तर पन्नास वर्षांनी भर सभेत ते उघड करणं म्हणजे आईला पेचात पकडणं झालं असतं. धाकटीने आठवून सांगितलं की तिच्या पहिल्या वर्षाच्या फीच्या वेळी बाबाच म्हणाले होते, “आईच्या इतरला विचारा.” म्हणजे गुपित कधीच नव्हतं, फक्त कुणी त्याचा मोठा उच्चार केला नव्हता. मग कडवं ठेवलं. ‘निरंतर’ हा शब्द थोडा पुस्तकी आहे, पण बाबा चिडवताना मुद्दाम असेच शब्द वापरतात, म्हणून तो त्यांच्या तोंडी शोभतो. आईच्या तोंडी घातला असता तर खोटा वाटला असता.

सातवं कडवं मधल्याचं. आरशाचं कडवं गेल्यावर त्याने एका रात्रीत लिहून पाठवलं:

पन्नास वर्षं चालली
घरात घड्याळं दोन
एक पुढे, एक मागे,
बरोबर यात कोण?

‘दोन’ला ‘कोण’ हे यमक शुद्ध नाही. न आणि ण चा फरक कडक कानाला खुपेल. मी ते राहू दिलं. वाचताना हा फरक विरून जातो, आणि या प्रश्नावर भावंडांनी लहानपणी खरोखर निवाडे केलेले होते. ‘पन्नास’ हा आकडा अख्ख्या कवितेत इथे एकदाच येतो. सोन्याचा उल्लेख कुठेही नाही, तो मंचावरच्या फलकावर होताच.

शेवटासाठी मसुद्यात शुभेच्छा होत्या: शतायुषी व्हा, सुखी राहा. प्रत्येक पाहुणा तेच म्हणणार होता. मुलांनी असं काही म्हणायला हवं जे फक्त मुलंच म्हणू शकतात. धाकटी बोलता बोलता सहज म्हणाली की ती स्वतः आता कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येते आणि कुलूप ओढून बघते. मधला म्हणाला, “तू पण?” थोरलीही तेच करते असं निघालं. त्यातून हे झालं:

आम्ही तिघे दूर तरी
खोड एक लागलेली
कुलपाला पुन्हा हात,
जरी किल्ली फिरलेली!

आतापर्यंत आई-बाबांवर हसणारी मुलं शेवटी स्वतःवर हसतात. कवितेत हे अंतर चार-पाच कडव्यांचं लागतं. कुलपाच्या कडव्याला हे लगेच जोडलं असतं, तर ते फक्त पुढचा विनोद वाटलं असतं. मध्ये बूट आणि हिशोबवही येऊन गेल्यामुळे कुलूप परत येतं तेव्हा त्याचं वजन वाढलेलं असतं.

आठ कडवी, बत्तीस ओळी. सावकाश वाचलं तर एका कडव्याला दहा-बारा सेकंद लागतात, म्हणजे हशा धरून दोन-अडीच मिनिटं. यापेक्षा लांब कविता घरच्यांना आवडते, बाहेरच्यांना नाही. सुना, जावई आणि नातवंडांची नावं यात कुठेच नव्हती, त्यावर थोडी कुरकुर झाली. पण नावं घातली की ती यादी होते, आणि यादीत कुणीतरी राहून जातंच. त्याऐवजी नातवंडांना एक ओळ दिली. “दोन मिनिटं, आलेच!” ही ओळ सगळ्या नातवंडांनी मिळून मागून ओरडायची आणि पुढच्या तीन ओळी थोरलीने वाचायच्या. ते त्यांना शिकवावंही लागलं नाही. आजीची नक्कल ती रोजच करत होती.

बाकी वाटणी आवाजावरून केली. बाबांची वाक्यं मधल्याने, आईची धाकटीने, निवेदन तिघांनी वाटून. सगळी कविता आई-बाबांकडे तोंड करून ‘तुम्ही’ म्हणत वाचायची नाही, पाहुण्यांना ‘आई’, ‘बाबा’ म्हणून सांगायची, हेही ठरवलं. ‘तुम्ही’ म्हणत समोर उभं राहिलं की आई-वडिलांना चेहरा कसा ठेवावा ते कळत नाही. आपल्याबद्दल दुसऱ्यांना सांगितलं जात असेल तर ती मजेत ऐकतात आणि मध्येच दुरुस्त्याही करतात. बाबांना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून वाचणारे त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला उभे राहिले. बारीकशी गोष्ट, पण ती विसरली की ज्याच्यासाठी लिहिलं तोच “काय म्हणाली?” असं विचारत बसतो.

प्रत्यक्षात काय झालं ते थोरलीने दुसऱ्या दिवशी सविस्तर सांगितलं. फोटोवर आई स्वतःच सगळ्यात आधी हसली. ‘पाच की आठ’ झाल्याबरोबर बाबा बसल्या जागेवरून म्हणाले, “आठ नाही, अकरा होते!” त्यावर जो हशा झाला तो आठही कडव्यांत मोठा, आणि तो कुणी लिहिलेला नव्हता. अशा जागेनंतर वाचणाऱ्याने थांबायचं असतं. मधला थांबला. ‘निरंतर’वर मात्र हशा संपायच्या आत धाकटीने पुढची ओळ उचलली, त्यामुळे ‘त्याच इतरमधून’ मागच्या रांगांना ऐकूच गेलं नाही, आणि ती ओळ गेली की पुढची फी कुठून आली ते कळत नाही. थोरलीने हात वर करून तिला थांबवलं आणि कडवं पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा शांतता होती. बाबांनी मान हलवली आणि आईकडे बघितलं, आई म्हणाली, “आता सगळ्यांना कळलं, पुढच्या महिन्यापासून दुसरं नाव शोधावं लागणार.”

घड्याळांचं कडवं फसलं. कुणी हसलं नाही, कुणी गलबललंही नाही. कारण उघड आहे. बाबा पुढे आणि आई मागे, हे घड्याळाचं रूपक आधीच्या दोन कडव्यांवर उभं आहे, पण त्यांच्या आणि त्याच्या मध्ये हिशोबवहीची दोन कडवी येतात. लोकांच्या मनात तेव्हा फी होती, वेळ नव्हती. ते ‘बुटांच्या गाठीं’च्या लगेच मागे हवं होतं. छापील प्रतीत ते तिथेच नेलं, आणि वाचताना आता बरं लागतं.

छापील प्रत म्हणजे दोघांना वाचता येईल अशा मोठ्या टायपात एका कागदावर आठ कडवी. ती आईच्या हातात दिल्यावर तिने चष्मा लावून नीट वाचली आणि एकच हरकत काढली. त्या पहिल्या खोलीत पंखा नव्हता. पंखा थोरली झाल्यावर घेतला. तिघांनी हे चुकीचं ऐकलं होतं की बाबांनीच गोष्टीत पंखा मागाहून बसवला होता, यावर थोडा वाद झाला. ओळ बदलणं सोपं होतं. ‘पंखा’ दोन अक्षरांचा, त्याच्या जागी आईनेच सुचवलेली ‘खाट’, तीही दोनच अक्षरांची. ‘एक खोली, एक खाट, पाहुणे पाच की आठ?’ असं नव्या प्रतीत आहे. अकरा करावेत असा बाबांचा आग्रह होता, पण ‘अकरा’ला ‘पाठ’चं यमक जुळत नाही, असं मधल्याने त्यांना सांगितलं.